प्रतिसाद: ओटीपीचं टेस्टिंग

> "मुदत, रीसेंड आणि चुकीचा कोड, तिन्ही वेगवेगळे तपासले, सगळं पास. अजून काय बघू?"

आता तिन्ही एकत्र करून बघा. खरे बग तिथेच सापडतात.

समजा मुदत ५ मिनिटं आहे आणि ५ चुकांनंतर लॉक. चार वेळा चुकीचा कोड टाका, मग रीसेंड करा आणि पुन्हा एक चुकीचा टाका. इथेच लॉक व्हायला हवं. नाही झालं तर चुकांचा काउंटर मोबाइल नंबरला न जोडता ओटीपीला जोडलाय, म्हणजे प्रत्येक रीसेंडला पाच नवे अंदाज फुकट. लॉक झाल्यावर बरोबर कोडही टाकून बघा, तोही नाकारला गेला पाहिजे. हे बघायचं बरेच जण विसरतात. रीसेंडची मर्यादा अ‍ॅप बंद करून उघडल्यावर टिकते का, तेही पाहा.

दुसरी गोष्ट उशिरा येणाऱ्या एसएमएसची. दादरला गर्दीच्या लोकलमध्ये रेंज गेली, माणसाने रीसेंड दाबलं, आणि कुर्ल्याला दोन्ही मेसेज एकदम आले, तेही उलट्या क्रमाने. तो सगळ्यात वरचा, म्हणजे जुना कोड टाकणार. सर्व्हरने तो नाकारणं बरोबरच, पण "चुकीचा ओटीपी" एवढंच दाखवलं तर बिचारा तोच कोड पुन्हा पुन्हा टाकून लॉक होईल. काही टीम मुदतीच्या आत तोच कोड परत पाठवतात. मला ते पटतं, फक्त रीसेंडमुळे मूळ ५ मिनिटं वाढत नाहीत ना, हे नक्की तपासा.