विदर्भाचा संघ मुंबईपेक्षा वरचढ झाला आहे का?

वर्धेकर : फेब्रुवारी 2025 मध्ये नागपूरच्या रणजी उपांत्य सामन्यात विदर्भाने मुंबईला 80 धावांनी हरवले. आता मुंबईकरांनी आमची थोरवी मान्य करायला हरकत नसावी, असे मला वाटते. आपले मत काय?

दादरचा प्रेक्षक : मान्य करतो, परंतु आधी थोडा हिशेब करू. 2017-18 आणि 2018-19 ची आपली दोन्ही विजेतेपदे चंद्रकांत पंडित यांच्या मार्गदर्शनाखाली आली आणि त्यांपैकी दुसऱ्या हंगामात वसीम जाफरने आपल्यासाठी 1037 धावा केल्या. हे दोघेही आमचेच, म्हणजे नात्याने आपण आमचे व्याही झालात. व्याह्यांच्या घरी पाहुणचाराची अपेक्षा असते, तर पार्थ रेखडेने एकाच षटकात रहाणे, सूर्यकुमार आणि शिवम दुबे या तिघांना परत पाठवले! राग नाही, पण एखादी विकेट तरी पुढच्या षटकासाठी राखून ठेवायची होती. मार्च 2024 मध्ये वानखेडेवरील अंतिम सामन्यात पहिल्या डावात आपण 105 धावांत आटोपलात, तेव्हा आम्ही मात्र आपल्याला पाचव्या दिवसापर्यंत मोठ्या प्रेमाने थांबवून घेतले होते.

नागपूरकर : पाचव्या दिवसापर्यंत आम्ही स्वतःच्या बळावर थांबलो होतो. 538 धावांचा पाठलाग करताना अक्षय वाडकरने शतक केले आणि संघाने 368 पर्यंत मजल मारली. राहिला पंडितांचा प्रश्न. 2016-17 च्या अंतिम सामन्यात गुजरातकडून हरल्यावर आपण त्यांना सोडले आणि आम्ही बोलावले. जे आपण स्वखुशीने दिले त्याचे श्रेय आता परत मागता येईल का? शिवाय 2024-25 मध्ये 69 बळी घेणारा हर्ष दुबे कोणत्या मैदानावरून उसना आणला, तेही सांगावे. त्या हंगामाच्या अंतिम सामन्यात आम्ही केरळलाही हरवले.

दादरचा प्रेक्षक : हर्ष दुबेबाबत मी निरुत्तर आहे. केरळबाबत मात्र नाही, कारण तो सामना अनिर्णित राहिला आणि आपण पहिल्या डावातील 37 धावांच्या आघाडीवर करंडक उचललात. करंडक खराच आहे, फक्त ‘हरवले’ म्हणताना आवाज किंचित खाली घ्यावा. आणि करुण नायर व ध्रुव शोरी हे वऱ्हाडात नेमके केव्हा जन्मले, हेही कळवावे.

पुणेकर : मूळ प्रश्न महाराष्ट्राच्या संघाचा नसला, तरी नमूद करतो की प्रा. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली आम्ही 1939-40 आणि 1940-41 मध्ये सलग दोनदा रणजी करंडक जिंकला होता.

नागपूरकर : पुणेकरांचा मुद्दा नोंदवून घेतला आहे, 1941 नंतरचा काही असल्यास तोही अवश्य कळवावा. दादरकरांना एवढेच सांगतो, की बाहेरून आलेल्या खेळाडूच्या धावा मोजायच्या नसतील, तर जाफरच्या 1037 धावा वजा करून 2018-19 चा हंगाम पुन्हा खेळवू, पण मग मुंबईनेही आपल्या 42 विजेतेपदांतील परगावच्या खेळाडूंची यादी सोबत आणावी.

दादरचा प्रेक्षक : यादी लांबलचक आहे, एका बैठकीत वाचून व्हायची नाही. आपण वानखेडेवर पुढचा सामना पाहायला या. उपाहाराच्या वेळेत निम्मी वाचून दाखवतो.