ऑफर मागे घेतली, उत्तर काय लिहू?

निलेश:
मंडळी, नाशिकला परत जायचं ठरलं होतं. अंबडच्या एका कंपनीची ऑफर सही करून पाठवली, इथे परदेशात राजीनामा पण दिला, आणि काल एचआरची दोन ओळींची मेल, काही कारणाने ऑफर मागे घेतोय. बस. आईने गंगापूर रोडच्या फ्लॅटचे भाडेकरू पण काढलेत. डोकं फिरलंय, काय लिहू?

सुधीर:
वकिलाची नोटीस धाड. १८७२ चा करार कायदा आहे, स्वीकारलेली ऑफर मागे घेता येत नाही, तुला घ्यावंच लागेल त्यांना.

अनघा:
सुधीरदादा, पहिलं बरोबर, दुसरं नाही. नोकरी द्यायलाच लाव असं कोर्ट सहसा सांगत नाही, झालं तर भरपाई, आणि तीही बहुतेकदा नोटीस पिरियडच्या पगारापुढे जात नाही. निलेश, मेल लिहायच्या आधी आत्ताच्या बॉसला भेट, राजीनामा मागे घेता येतो का बघ, ते जास्त घाईचं आहे. मग ऑफर लेटरमधल्या अटी वाच, 'व्हेरिफिकेशन समाधानकारक झाल्यास' अशी ओळ असतेच. उत्तरात राग नको आणि 'ठीक आहे' पण नको, नाहीतर तू मान्य केलंस असं धरतील. एवढंच लिही:

"मी ऑफर लेखी स्वीकारली आणि तिच्या भरवशावर राजीनामा दिला. मागे घेण्याचं कारण लेखी कळवावं. पद बंद झालंय, पुढे ढकललंय, की माझ्या व्हेरिफिकेशनमध्ये काही आढळलं? तसं असल्यास तो भाग मला दाखवावा, मी कागद देऊ शकतो. पुढे कोणाशी बोलायचं आणि उत्तर कधीपर्यंत मिळेल?"

एचआरबरोबर हायरिंग मॅनेजरला पण ठेव, मुलाखत त्याने घेतलीये, खरं कारण त्यालाच माहीत असतं.

वैशाली:
माझ्या भाच्याचं पण हेच, सही करून तो गेलाच नाही, आता कंपनी जॉइनिंग बोनस परत मागतेय, भरावा का?

अनघा:
वैशाली, ते उलटं प्रकरण गं. बोनस हातात पडला असेल तर परत करावाच लागणार, बाकी त्याचं लेटर बघून सांगते.

निलेश:
उत्तर आलं, मॅनेजरकडून! पुण्याच्या जुन्या कंपनीने पीएफमध्ये माझी सोडल्याची तारीखच टाकली नाहीये, म्हणून दोन नोकऱ्या एकत्र दिसतात.

अनघा:
हे तर सुटण्यासारखं आहे. यूएएन पोर्टलवर Manage मध्ये Mark Exit आहे, शेवटचा पीएफ जमा होऊन दोन महिने उलटले की आपणच तारीख टाकू शकतो. ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर येतो, भारतातलं सिम चालू आहे ना? रिलीव्हिंग लेटर आजच मॅनेजरला पाठव, आणि ऑफर पुन्हा देणार का ते सरळ विचार.

निलेश:
सिम आईकडे आहे, उद्या तिला फोनवर बसवतो. ऑफरचं मॅनेजर 'बघतो' म्हणाला, एचआर गप्प. इथला बॉस शुक्रवारी सांगणारे.

सुधीर:
तोवर फ्लॅटला नवा भाडेकरू घेऊ नका म्हणावं.