मदत हवी आहे: १०८ मेगापिक्सेल घ्यावा की 'चांगला सेन्सर'? दुकानात मित्राशी वाद झाला, फोन न घेताच परत आलो

नमस्कार मंडळी. काल संध्याकाळी मित्राला घेऊन मोबाइलच्या दुकानात गेलो होतो. तासभर उभे राहून रिकाम्या हातानं परत आलो, कारण आमचं दोघांचं एकमत होईना. जाणकारांनी जरा वाट दाखवावी.

बजेट वीस-बावीस हजार. दोन फोनवर येऊन अडलो आहे. पहिल्याला १०८ मेगापिक्सेलचा कॅमेरा, सेन्सर सॅमसंगचा एचएम६, पण ओआयएस नाही. दुसऱ्याला ५० मेगापिक्सेल, सेन्सर सोनीचा एलवायटी-६००, ओआयएस आहे. बाकी बॅटरी, स्क्रीन उन्नीस-बीस.

मला फोन दोन कामांसाठी हवा आहे. आजोबांच्या ट्रंकेत मोडीतले जुने कागद आहेत, बहुतेक फुलस्केप, शाई फिकी झालेली. शिवाय जमिनीच्या वाटणीचा एक कापडावर चिकटवलेला नकाशा आहे, तो मीटरभर रुंद. हे सगळं पुण्यातल्या एका मोडी वाचणाऱ्या काकांना पाठवायचं आहे. त्यांनी बजावलंय की अक्षराचा काना-वेलांटी मोठी करून दिसली पाहिजे. दुसरं काम म्हणजे दीड वर्षाची भाची. ती रात्री ट्यूबच्या उजेडात घरभर पळत असते आणि आताच्या फोनवर तिचा एकही फोटो धड येत नाही.

माझं म्हणणं होतं, कागद वाचायचे तर १०८च घ्यावा, दुप्पट बारकावा मिळेल. मित्र लग्नाच्या ऑर्डरीत सेकंड कॅमेरा करतो. तो तिथेच काउंटरवर म्हणाला, "अरे, मेगापिक्सेल ही नुसती जाहिरात आहे. सेन्सर बघ. सोनीचा पिक्सेल ०.८चा, सॅमसंगचा ०.६४चा. आणि साइज बघ, याचा १/१.९५, त्याचा १/१.६७. सोनीचा मोठा." मी म्हटलं, मग कंपनी १०८ कशाला देते? आवाज चढले. दुकानदाराने पहिला फोन पुढे सरकवत "साहेब, हाच घ्या, जास्त खपतो" म्हटल्यावर मित्र आणखी बिथरला. रविवारी पुन्हा जायचं आहे. कोण बरोबर?

— कृष्णाकाठ

घाटमाथा: मित्राचं ऐका. सोनीचा सेन्सर म्हणजे सोनीचा. मी पाच वर्षं वापरतोय, रात्रीचे फोटो बघत राहावेत असे येतात. १०८ वगैरे आकडे खोक्यावर छापायला असतात.

माळावरची: आमच्याकडे १०८वाला आहे. एका फोटोला वीस-तीस एमबी जातात, सहा महिन्यांत स्टोरेज भरलं. कृष्णाकाठ, १२८ जीबीचा घेऊ नका, २५६चाच घ्या. आणि पावसाळ्यात कॅमेऱ्याच्या काचेच्या आतून धुकं धरतं, त्यावर कुणाला काही उपाय माहीत आहे का? सर्व्हिस सेंटरवाले नुसते पुसून देतात.

भिंगवाला: कृष्णाकाठ, तुमचे मित्र अर्धे बरोबर आहेत. मात्र जो अर्धा चुकला आहे त्यावरच तुमचा निर्णय अडलाय, म्हणून सविस्तर लिहितो.

१/१.९५ हा अपूर्णांक आहे. छेद मोठा की सेन्सर लहान. म्हणजे १/१.६७वाला मोठा आहे, १/१.९५वाला लहान. आणि हा इंच खरा मोजमापाचा इंच नव्हे. जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांत काचेच्या नळ्या असत, त्या नळीच्या बाहेरच्या व्यासावरून नाव देण्याची पद्धत पडली आणि तीच अजून चालू आहे. त्यामुळे अपूर्णांक बाजूला ठेवून सरळ गुणाकार करा. १०८च्या फोटोत लांबीकडे १२००० ठिपके असतात, प्रत्येक ०.६४ मायक्रॉनचा. झाले साधारण ७.७ मिमी. रुंदीकडे ९०००, म्हणजे ५.८ मिमी. ५०वाल्याचे लांबीकडे ८१६० ठिपके ०.८चे, म्हणजे ६.५ मिमी, आणि रुंदी ४.९ मिमी. क्षेत्रफळ काढलंत तर पहिल्याचं ४४ चौ.मिमी, दुसऱ्याचं ३२. पिक्सेल मोठा असूनही सोनीचा हा सेन्सर लहान आहे, कारण पिक्सेल निम्मेच आहेत. मित्रांनी पिक्सेलचं माप बघितलं, अख्ख्या सेन्सरचं नाही.

सोनीचे याहून मोठे सेन्सरही आहेत. आयएमएक्स ७६६ हाही ५० मेगापिक्सेलचाच, पण ५० चौ.मिमीचा. तेव्हा नुसतं 'सोनी' किंवा नुसतं '५०' म्हणून काहीच ठरत नाही.

आता तुमची बाजू. रोजच्या वापरात १०८वाला नऊ-नऊ पिक्सेल एकत्र करून १२ मेगापिक्सेलचा फोटो देतो, ५०वाला चार-चार एकत्र करून साडेबाराचा. हातात पडणारे फोटो आकाराने जवळपास सारखेच. फुलस्केप कागद साडेतेरा इंच लांब. १२ मेगापिक्सेलच्या फोटोत लांबीकडे ४००० ठिपके, म्हणजे इंचाला जवळजवळ ३००. स्कॅनरवर आपण कागद ३००लाच करतो. त्या कागदांसाठी १०८ची गरजच नाही.

कृष्णाकाठ: भिंगवाला, मनापासून आभार. अपूर्णांकाचं आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही. पण मग नकाशाचं काय? तो मीटरभर आहे.

भिंगवाला: नकाशाला १२ मेगापिक्सेल अपुरे पडतील, इंचाला शंभरच ठिपके येतील. तिथे १०८ मोडचा थोडा फायदा होईल, पण भर दिवसा, अंगणात सावलीत. आणि तिप्पट बारकावा मिळेल असं धरू नका. शेजारच्या नऊ पिक्सेलवर एकाच रंगाची गाळणी असते. पूर्ण १०८ काढायचे तर मधले रंग फोन हिशोबाने भरतो. दुसरी अडचण भिंगाची. एफ/१.८च्या भिंगातून आलेला अगदी टोकदार प्रकाशबिंदूसुद्धा सेन्सरवर सुमारे २.४ मायक्रॉनचा ठिपका होऊनच पडतो. तेवढ्यात ०.६४चे जवळजवळ चार पिक्सेल बसतात. त्यापलीकडचा बारकावा भिंगच देत नाही, पिक्सेल कितीही वाढवा.

मी तुमच्या जागी असतो तर नकाशा तीन बाय तीन अशा नऊ भागांत काढला असता, कडा एकमेकांवर दोन बोटं येतील असा. कुठल्याही फोनवर इंचाला ३०० मिळतील. फोन कागदापासून वीतभर तरी लांब ठेवा. फार जवळ नेलं की मध्य स्पष्ट येतो आणि कोपऱ्यातली अक्षरं पसरतात. मोडीत आधीच अक्षरं एकमेकांत गुंतलेली असतात, कोपरा पसरला की वाचणाऱ्याचा जीव जातो.

पानसुपारी: एक राहिलं. काकांना फोटो व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून जोडा. फोटो म्हणून पाठवलात तर तो लहान करून जातो, मग १०८ काय आणि १२ काय. मी वडिलांच्या बक्षीसपत्राचे फोटो असेच पाठवले होते, वकिलांना शिक्क्यावरची तारीखच वाचता येईना. दोन दिवस वाया गेले.

घाटमाथा: पण ओआयएस आहे ना सोनीवाल्यात? मग रात्री तोच जिंकणार. भाचीसाठी तोच घ्या.

भिंगवाला: ओआयएस हाताचा थरथराट सावरतो, भाचीचं पळणं नाही. ट्यूबखाली कागद किंवा देव्हारा काढायचा असेल तर ओआयएस फार मोलाचं आहे. शटर जास्त वेळ उघडं राहिलं तरी चित्र हलत नाही. पळणाऱ्या मुलीला मात्र शटर लवकर बंद व्हायलाच हवं. तिथे मोठ्या सेन्सरवर पडणारा ४४ विरुद्ध ३२चा जादा उजेड उपयोगी पडतो. अर्थात तो दीडपटही नाही, फार अपेक्षा नको.

रविवारी दुकानात एक करा. काउंटरवरच्या झगमगाटात दोन्ही फोन छानच दिसतील. दुकानदाराला विनंती करून डेमो फोन मागच्या गोडाऊनमध्ये न्या. तिथे १x वर, नाइट मोड बंद ठेवून, फोनच्या खोक्यावरची बारीक अक्षरं काढा. मग गॅलरीत फोटोचे डिटेल्स उघडून शटर आणि आयएसओ लिहून घ्या. त्यानंतर मित्रांना हात हलवायला सांगा आणि पुन्हा काढा.

कृष्णाकाठ: जाऊन आलो, लगेच लिहितोय. दुकानदार भला निघाला, त्याने स्वतः गोडाऊनचा एक दिवा बंद करून दिला.

खोक्यावरचा आयएमईआय नंबर दोन्हींवर काढला. १०८वाल्याचं शटर १/१७ आणि आयएसओ ३२०० दिसलं. ५०वाल्याचं १/८ आणि १६००. मोठं करून बघितल्यावर दुसऱ्यावर आकडे सुटे सुटे दिसत होते. पहिल्यावर ३ आणि ८ यांत फरक कळेना, दाणे दाणे आलेले आणि कडेला हललेलं. तीनदा काढला, तिन्हीदा तेच. इथे ओआयएस जिंकलं.

मग मित्राने हात हलवला. आता उलटं झालं. ५०वाल्यावर त्याची बोटं पुसल्यासारखी आली, १०८वाल्यावर बोटं पाच आहेत एवढं तरी मोजता येत होतं. चांगला फोटो तोही नव्हता. मित्र बराच वेळ दोन्ही स्क्रीन शेजारी धरून उभा होता. मग म्हणाला, "ऑर्डरीत माझा नाचाचा फोटो का हलतो ते आज कळलं. मी ओआयएसवर विसंबून शटर सोडून देत होतो."

१०८ मोड दुकानाबाहेर उन्हात पाटीवर करून बघितला. बारक्या अक्षरांत थोडा फरक आहे, पण तिप्पट तर सोडाच, दीडपटही वाटला नाही.

नकाशा नऊ तुकड्यांत काढायचं ठरलंच आहे, त्यामुळे माझा कल आता ५०वाल्याकडे झुकलाय. भाचीचं कोडं सुटलं नाही. बहीण म्हणते, ट्यूबऐवजी चांगला वीस वॅटचा बल्ब लाव, फोनवर पैसे कशाला. ते पटतंय.

भिंगवाला: ताई बरोबर सांगतात. उजेड दुप्पट झाला तर शटरही दुप्पट वेगाने मारता येईल. एचएम६ आणि एलवायटी-६००मधल्या फरकापेक्षा ते जास्त आहे. पण ५०वाल्यात एक तपासून घ्या, प्रो मोडमध्ये शटर हाताने १/१०० ला बांधता येतं का? काही फोनवर मेन कॅमेऱ्याला येतं, काहींवर प्रो मोड फार तोकडा असतो.

माळावरची: आणि धुक्याचं कुणीच सांगितलं नाही.

पानसुपारी: ताई, आतून धुकं म्हणजे मागच्या काचेचा गम सुटला असणार. पुसून भागणार नाही, काच काढून नव्या गमने बसवायला सांगा. तोवर फोन पाण्यापासून जपा. कृष्णाकाठ, प्रो मोडचं कळलं की इथे लिहा, मलाही त्याच बजेटमध्ये घ्यायचा आहे.