मदत हवी आहे: शेल्फची जागा दुकानदाराकडून लेखी कशी घ्यावी?

आमची नाचणीची चकली येत्या 5 तारखेला दादरच्या एका मोठ्या दुकानात लागणार आहे. मालक तोंडी म्हणाले, "डोळ्यांसमोरच्या फळीवर दोन फूट तुमचे." मागे लाडवांच्या वेळीही असंच ठरलं होतं. माल गेला तळाच्या फळीवर, आणि आमचा स्टँड दोन रॅकमधल्या वाटेत मावेना म्हणून गोदामातच राहिला! दोन फुटांत 15 सेंटीमीटर रुंदीची चारच पाकिटं दर्शनी बसतात, त्यातलं एक गेलं तरी जाणवतं.

म्हणून स्टँड आणि पोस्टर छापायला देण्याआधी फळी, रुंदी, किती दिवस आणि पोस्टर कोण लावणार, एवढं व्हॉट्सअ‍ॅपवर कबूल करून घ्यायचंय. काका जुने ओळखीचे आहेत, अविश्वास वाटायला नको. रॅकच्या फोटोवर खूण करून "हीच जागा ना?" असं विचारलं तर चालेल? तुम्ही कसं लिहिता?