झिरो कूपन बाँड: किंमत सरळ रेषेत का चढत नाही?

“१००० डॉलरचा पाच वर्षांचा झिरो कूपन ६८०.५८ ला घेतला. फरक ३१९.४२, म्हणजे दरवर्षी ६३.८८ व्याज धरायचं ना?”

नाही, समान वाटे पडत नाहीत. झिरो कूपन बाँड मधे व्याज देत नाही; तो कमी किमतीत घ्यायचा आणि मुदतीला पूर्ण रक्कम मिळते. तुमचा खरेदीचा दर ८ टक्के आहे आणि तो दरवर्षी त्या वेळच्या वाढलेल्या रकमेवर लागतो. पहिल्या वर्षी ६८०.५८ वर ५४.४५, म्हणून किंमत ७३५.०३. दुसऱ्या वर्षी त्यावर ५८.८०. असं करत पाचव्या वर्षी ९२५.९३ वर ७४.०७ मिळून बरोबर १००० होतात. (अमेरिकी सरकारी रोख्यांपासून बनलेल्या झिरो कूपनमध्ये, म्हणजे ट्रेझरी स्ट्रिप्समध्ये, सहामाही चक्रवाढ धरतात, इथे सोपं म्हणून वार्षिक घेतलं.)

ही वाट मात्र बाजाराचा दर ८ टक्केच राहिला तरची. वर्षभराने दर ९ झाला, तर उरलेल्या चार वर्षांसाठी बाजारभाव ७०८.४३ होतो, म्हणजे वाटेच्या २६.६० खाली. तेव्हा विकलात तर वाटेच्या मानाने तेवढा तोटा खरा. धरून ठेवलात तर तिथून किंमत ९ टक्क्यांनी चढते आणि मुदतीला १००० लाच पोचते. मुदत जवळ येते तसा दराचा धक्का बोथट होतो. अर्थात बाँड काढणाराच बुडाला नाही तर!

एक त्रास: अमेरिकेत करपात्र खात्यात असेल तर पहिल्या वर्षाचे ते ५४.४५, हातात एक सेंट आला नसतानाही, उत्पन्नात धरावे लागतात. त्याची नोंद 1099-OID फॉर्मवर येते. कर भरलेली ही रक्कम तुमच्या खरेदी किमतीत मिळवत जा, नाहीतर विकताना त्याच पैशावर पुन्हा कर भराल.