चिमणी ओट्यापासून मोजायची की शेगडीपासून? सुतार उद्या येतोय

प्रेषक: प्रशांत

मंडळी नमस्कार, जरा घाईत लिहितोय. वरुडकडच्या घराचं स्वयंपाकघर पूर्ण झालं, ग्रॅनाइट बसलं, आता फक्त वरची कपाटं आणि चिमणी राहिली. सुतार म्हणतो ओट्याच्या वर २४ इंच सोडून सगळी कपाटं एका लाइनीत घेतो आणि त्याच लाइनीत चिमणी बसवून देतो, दिसायलाही बरं दिसते. दादा म्हणतो एवढी खाली नको. दोघांनीही मला फोन केला आणि उद्या सकाळी, म्हणजे आपल्या इकडे अमेरिकेत आज रात्री, तो प्लाय कापायला घेणार. ओटा ३२ इंच आहे, शेगडी तीन बर्नरची, रुंदी २८ इंच. तळण किती असते ते तुम्हाला माहीत आहेच, मागच्या वेळी मी आणलेली सांबारवडी सगळ्यांनी खाल्ली, ती वहिनीच करते. आता ती ऑर्डरही घेते. चिमणी ६० सेंटिमीटरची घ्यायची, ७५ ची की ९० ची? आणि उंची किती? दादा मोबाइल घेऊन ओट्यापाशीच उभा राहणार आहे तेव्हा आकडे स्पष्ट सांगा.

प्रेषक: सतीश काका

प्रशांत, ३० इंच. आमच्या इथल्या किचनमध्ये काउंटरपासून बरोबर ३० इंचावर हुड आहे, इतकी वर्षं झाली, काही तक्रार नाही. सुताराला सांग ओट्यापासून ३० आणि विषय संपव. रुंदीपेक्षा सक्शन बघ, बॉक्सवर जितका मोठा आकडा तितकं चांगलं. आणि चिमणी चालू असताना खिडक्या बंद ठेवायच्या, नाहीतर ती बाहेरचीच हवा ओढत बसते, धूर तसाच राहतो.

प्रेषक: वैशाली

प्रशांत, तू इथलं घर घेतलंस का? अभिनंदन! आम्ही तर इंडक्शन घेतलं, हुड छोटासाच आहे आणि आम्हाला पुरतो. पण आमच्याकडे तळण म्हणजे कधीतरी भजी. टाउनचं परमिट लागेल हं, आधी विचारून घे.

प्रेषक: देवेंद्र

सर्वांना विनंती, या लिस्टवर सध्या दिवाळी फराळाच्या नोंदणीचे मेल चालू आहेत आणि ते खाली जाताहेत. घरबांधणीसाठी आपण वेगळा धागा ठेवला आहे. प्रशांत, घाई आहे म्हणून या वेळी चालू दे, पण विषयाच्या ओळीत पुढे "घर" लिहा म्हणजे मला वेगळं काढता येईल.

प्रेषक: मीनल

प्रशांत, आधी सुताराला थांबव, प्लाय कापू देऊ नकोस. मी अमरावतीला असताना किचनचीच कामं करायचे आणि सगळ्यात जास्त भांडणं याच एका मापावरून व्हायची.

काकांचं ३० चुकीचं नाही, पण ते इथलं आहे. इथे कुकटॉप काउंटरमध्ये बसवलेला असतो, म्हणून काउंटरपासून मोजलं काय आणि आगीपासून मोजलं काय, जवळपास सारखंच. आपल्याकडे शेगडी ओट्याच्या वर ठेवलेली असते. गॅसवरच्या बहुतेक चिमण्यांच्या पुस्तिकेत ६५ ते ७५ सेंटिमीटर लिहिलेलं असतं, ते शेगडीपासून, ओट्यापासून नाही. दादाला सांग टेप घे आणि ओट्यापासून भांडं ठेवतो त्या स्टँडच्या वरच्या टोकापर्यंत मोज. बहुतेक ५ इंच निघेल. ५ धरून हिशोब करते.

ओटा ३२ आणि शेगडी ५, झाले जमिनीपासून ३७. त्यावर २८ इंच सोडले की चिमणीची खालची कड ६५ इंचावर येते. सुतार म्हणतो तसं केलं तर कड ५६ वर, म्हणजे आगीपासून १९ इंच. वहिनीची तळणाची कढई स्टँडच्या वर आणखी ५ इंच असेल, म्हणजे उकळत्या तेलापासून चिमणीच्या जाळीपर्यंत १४ इंच उरतात. त्या जाळीत आदल्या आठवड्याचं तेल असतं. कढई पेटली तर ज्वाला सरळ तिथे जाते. काकांच्या मापाने कड ६२ वर येईल, आगीपासून २५, तेही ६५ सेंटिमीटरला थोडं कमीच पडतं. आणि फार वर नेली, ७५ सेंटिमीटरच्या पुढे, तर वाफ जाळीपर्यंत पोचायच्या आधीच बाजूला पसरते आणि चिमणी नुसता आवाज करते.

रुंदी ९० घे. शेगडी २८ इंच म्हणजे साधारण ७० सेंटिमीटर, त्यावर ७५ ची चिमणी पुस्तकाप्रमाणे पुरते, पण तळणाची कढई कडेच्या बर्नरवर ठेवली की तिचा काठ शेगडीच्या काठाशी येतो आणि तेलाची वाफ सरळ वर जात नाही, पसरत जाते. ९० ची असली की दोन्ही बाजूंना १० सेंटिमीटर जास्त मिळतात. ६० चा विचारच नको. बॅफल जाळी, म्हणजे पत्र्याच्या वळवलेल्या पट्ट्यांची जाळी असलेली घ्या, पातळ तारेची नको, ती तळणाच्या तेलाने लवकर तुंबते.

वहिनी किती उंच आहे? आणि आई?

प्रेषक: प्रशांत

> वहिनी किती उंच आहे?

वहिनी ५ फूट ४, आई ५ फूट. दादाने मोजलं, शेगडी ५ इंचच आहे. मीनलताई, ६५ ला चिमणी गेली तर मग कपाटं? सुतार म्हणतो सगळीच ६५ वर नेतो, लाइन तुटली की कसंतरीच दिसते. पण आईचा हात पोचणार नाही, तिला रोज स्टूल लागेल. ते मला नको.

प्रेषक: मीनल

वहिनी ६४ इंच आणि कड ६५ वर, म्हणजे वाकून कढईत झारा घालताना तिचं डोकं आपटणार नाही. म्हणूनच पुस्तिकेतल्या कमीत कमी मापाचे, ६५ सेंटिमीटरचे, २६ इंच न धरता २८ धरले.

कपाटांचं असं कर. सगळी एका लाइनीत आणूच नका, पायरी करा. चिमणीसाठी मधे ३६ इंच मोकळी जागा हवी, लॅमिनेट लागल्यानंतरची, कारण ९० सेंटिमीटर म्हणजे साडेपस्तीस होतात आणि सुतार लॅमिनेटची जाडी विसरतात. चिमणीच्या दोन्ही बाजूंना साधारण फूटभर रुंदीचा एकेक खण, त्याचा तळ चिमणीबरोबर ६५ वर. त्यात वर्षातून दोनदा लागणारं ठेवायचं. त्याच्या पलीकडची कपाटं खाली ५६ पर्यंत येऊ दे, तिथे आईचे रोजचे डबे. असं केलं की कढईजवळ कुठलंच लाकूड खाली लोंबत नाही. सगळं ५६ वर आणलं तर कढईच्या काठापासून आडवं मोजलं तर चार इंचांवर कपाटाची बाजू येते आणि एका दिवाळीतच लॅमिनेटची कड पिवळी पडून सुटायला लागते, खालून बोट फिरवलं तर चिकट थर हाताला येतो.

प्रेषक: रंजना

मीनलचं बरोबर आहे पण घरातल्या घरात आडव्या येणाऱ्या हवेचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. माझं सासर दारव्ह्याकडचं, तिथे दोन वर्षांपूर्वी चिमणी बसवली, चांगली मोठी, आणि उन्हाळ्यात पाहतो तर धूर चिमणीत जातच नव्हता, सगळा देवघराकडे. सासरे म्हणे मशीनच खराब आहे, कंपनीच्या माणसाला बोलावलं, त्याला काही सापडलं नाही. मग नंदेने सहज पुरी तळताना अगरबत्ती कढईच्या काठाशी धरली, धूर आडवाच निघाला. बैठकीतला कूलर! त्याची हवा दारातून थेट शेगडीवर येत होती. कूलर बंद केला तर धूर सरळ वर. आता तळताना मधलं दार लोटून घेतात. मे महिन्यात कूलर बंद कर असं कोणाला सांगता येते का तिकडे?

प्रेषक: सतीश काका

रंजना, म्हणूनच मी म्हणालो खिडक्या बंद ठेवा.

प्रेषक: मीनल

काका, अर्धं बरोबर आहे. शेगडीच्या अगदी शेजारची खिडकी बंद ठेवायची, कारण तिचा झोत वाफेला आडवा ढकलतो. पण सगळंच बंद केलं तर चिमणी हवा आणणार कुठून? जितकी बाहेर टाकते तितकी आत यायला हवी. आपल्या इथल्याच बिल्डिंग कोडमध्ये बऱ्याच ठिकाणी ४०० सीएफएमच्या, म्हणजे मिनिटाला ४०० घनफूट हवा ओढण्याच्या, वरच्या हुडला बाहेरून हवा आत आणायची सोय मागतात, आणि तिकडची तासाला १२०० घनमीटरची चिमणी म्हणजे जवळपास ७०० सीएफएम झाली. तेव्हा लांबची खिडकी किंवा मागचं दार थोडं उघडं हवंच. आणि तो १२०० आकडा बॉक्सवरचा आहे, पाइपात वळणं आली की प्रत्यक्षात कमी होतो. मोठ्या आकड्याच्या मागे लागण्यापेक्षा पाइप ६ इंचीच ठेवा, सरळ आणि आखूड. बरेच मिस्त्री भोक लहान पडलं म्हणून पुढे ४ इंची लावतात, मग मशीन घरघरतं आणि ओढत नाही.

प्रशांत, पाइप कुठून काढणार?

प्रेषक: प्रशांत

इथेच घोळ आहे. एक म्हणजे शेगडीच्या वर ७ फुटांवर माळा आहे, कडप्प्याचा. दुसरं, मागची भिंत गावातल्या आमच्या काकांच्या गोठ्याला लागून आहे आणि भोक पाडलं तर ते नेमकं कुटार ठेवतात तिथे निघते. दादा म्हणतो काका काही बोलणार नाहीत. मला ते पटत नाही.

आणि एक विचारायचं राहिलं. ऑर्डर मोठी असली की वहिनी मोठी भट्टी शेगडी लावते, जाड नळीची, जोरात पेटणारी. ती चिमणीखाली ठेवली तर चालेल ना?

प्रेषक: मीनल

नाही, भट्टी शेगडी मुळीच नाही. घरगुती चिमणी तेवढ्या आगीसाठी बनलेलीच नसते, जाळी तापून तिच्यातलं तेल पेटू शकतं. भट्टी मागच्या अंगणात पत्र्याच्या छपराखालीच राहू दे. तिथे धूर काढायचाच असेल तर पत्र्याचा मोठा हुड आणि वेगळा पंखा, ते काम वेगळं आहे. ही चिमणी घरच्या कढईसाठी.

माळ्याचं: ७ फूट म्हणजे ८४ इंच. कड ६५ वर, चिमणीची बॉडी १८ इंच धरली तर ८३ झाले. वर एक इंच उरतो, आणि ६ इंची पाइपाला वळायला जागा लागते. चिमणी दोन इंच खाली आणली तरी हे सुटत नाही, म्हणून उंचीशी तडजोड करू नका. कडप्पा असेल तर चिमणीच्या वरची एक फरशी काढता येते का बघा, पाइप सरळ माळ्यातून वर जाईल आणि वळण तिथे घ्यायचं. फरशीला आधार कशाचा आहे ते मिस्त्रीनेच बघावं, मी इथून सांगणार नाही. चिमणी घेण्याआधी बॉडीची उंची कागदावर बघा, प्रत्येक मॉडेलची वेगळी असते.

कुटाराच्या तोंडावर तेलकट गरम हवा सोडू नका. बाजूच्या भिंतीतून काढा, एक वळण आणि थोडा पाइप वाढेल, चालेल. भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं पाडा म्हणजे पावसाचं पाणी आत येणार नाही, आणि तोंडाला झडप लावा.

प्रेषक: वैशाली

अच्छा, घर वरुडचं आहे! मग परमिटचं राहू दे. पण फिल्टरलेस घ्या असं मला अजूनही वाटतं, धुवायची कटकट नाही.

प्रेषक: रंजना

वैशाली, ऑर्डरीचं तळण असलं की बॅफलच बरी. दर आठवड्याला गरम पाणी आणि सोड्यात तासभर ठेवायची, आमच्याकडे नंदच करते ते.

प्रेषक: प्रशांत

सुताराला सांगून झालं: चिमणीची कड जमिनीपासून ६५, मधे ३६ मोकळे, दोन्ही बाजूंना पायरीचे खण, पुढे ५६. तो म्हणतो पायरी चांगली दिसणार नाही, पण करतो. माळ्याची फरशी दोन भिंतींवर टेकली आहे की मधे लोखंडी पट्टी आहे ते दादाला वरून दिसत नाही, मिस्त्री सोमवारी येईल. तोवर चिमणीची ऑर्डर थांबवली आहे. बाजूच्या भिंतीला खिडकी आहे, भोक तिच्या किती जवळ चालेल ते मीनलताई तुम्ही सांगाल का? आणि देवेंद्र, विषयाच्या ओळीत "घर" टाकलं आहे.