अनुभव धागा: छोटा फ्लॅट दाखवताना पहिलं वाक्य काय म्हणता?

सांगलीत शामरावनगरच्या बाजूला एक वन बीएचके दाखवायचा आहे. दुसरा मजला, कार्पेट ४१० फूट. एजंटांनी आणि घर बघितलेल्यांनीही सांगा: सुरुवात कशी करता, खोल्या कोणत्या क्रमाने दाखवता?

वारणाकाठ: माझी सुरुवात दाराशी होत नाही, पार्किंगमधल्या खांबापाशी होते. सांगलीतल्या गिऱ्हाईकाच्या डोक्यात एकच प्रश्न असतो आणि तो विचारायला त्याला अवघड वाटतं. म्हणून मीच म्हणतो, "दादा, वहिनी, आधी हे बघा. २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, तेव्हा या खांबावर इथपर्यंत आलं. घरात नाही आलं. मीटर बोर्ड नंतर वर घेतलाय, तो पण बघून घ्या. आता वर जाऊ." खूण शेजाऱ्यांना विचारून आधीच पक्की करायची. अंदाजाने हात ठेवला आणि तळमजल्यावरच्या काकूंनी जिन्यात वेगळंच सांगितलं, तर पुढचं काही ऐकलं जात नाही.

वर गेल्यावर "हा हॉल, हे किचन" म्हणत फिरू नका, ते लोकांना दिसतंच. मापं बोला. हॉलमध्ये, "सोफा या भिंतीला लावला की गॅलरीचं दार मोकळं राहतं." मग लगेच किचन. तिथे मी गप्प राहतो, वहिनी ओट्यापाशी उभ्या राहतात, नळ सोडतात. पाणी कधी येतं, टाकी किती, एवढंच सांगायचं.

बेडरूम शेवटी, कारण छोट्या फ्लॅटचा सौदा तिथेच फसतो. रिकामी खोली असते त्यापेक्षा लहान वाटते. माझी खोली दहा बाय अकरा आहे. पाच बाय साडेसहाचा पलंग जमिनीवर खडूने आखतो, डोकं दहा फुटी भिंतीला. दोन्ही बाजूंना अडीच-अडीच फूट राहतात. पायथ्याला साडेचार, त्यातलं कपाट दोन फूट खातं, म्हणजे चालायला अडीच. तिथे स्पष्ट सांगतो, "कपाट सरकत्या दाराचं करा, उघडायच्या दारात पाय अडकेल." तोटा आपण सांगितला की बाकीच्यावर विश्वास बसतो.

मिरजेची सून: आम्ही घर बघत होतो तेव्हा एका एजंटाने आत शिरताच "व्हेंटिलेशन एक नंबर" म्हणून सगळ्या खिडक्या उघडल्या. बाथरूमची मात्र उघडेना. मी बादलीभर पाणी ओतून बघितलं, ते जाळीकडे न जाता दाराकडे आलं. तो म्हणाला, "फरशी नवीन आहे ताई, बसेल." उतार कधी बसतो का? तुमच्या स्क्रिप्टमध्ये ही बादली तुम्हीच ओता.

गणपती पेठ: ४१० म्हणताय ते गॅलरी धरूनच ना? रेराचा कार्पेट म्हणजे भिंतींच्या आतलं सगळं.

वारणाकाठ: आतल्या पार्टिशनच्या भिंती धरतात हे बरोबर. बाहेरच्या भिंती आणि गॅलरी नाही धरत. गॅलरी वेगळी सांगायची. नाहीतर गिऱ्हाईक घरी जाऊन बेरीज करतं आणि फोन उचलत नाही.

सुट्टीतला मास्तर: आमचाही वन बीएचके आहे कुपवाडला, भाड्याने द्यायचाय. भाडेकरूला पण पुराचं सांगायचं का? तिकडे पाणी आलंच नव्हतं.

वारणाकाठ: मास्तर, मग पहिलं वाक्य पाण्याच्या वेळेचं घ्या. भाडेकरूला खडूपेक्षा गाडी कुठे लावायची ते दाखवा.

पंचवीस वर्षं धंद्यात: खांबाची सुरुवात मला पटत नाही. पुराचा विषय काढला की बाई हॉलमध्ये येईपर्यंत मनाने परत गेलेली असते. मी आधी घर दाखवतो, संध्याकाळी नाही, सकाळी, पूर्वेचं ऊन हॉलमध्ये असताना. विचारलं तर खरं सांगतो, लपवत नाही. पण विचारू तर द्या!

वारणाकाठ: तुमचं गिऱ्हाईक विश्रामबागचं असेल साहेब. इकडे न विचारता गेलेला माणूस परत येत नाही.

मिरजेची सून: मला खांब चालला असता. पण घर कोरडं राहिलं तरी चार-आठ दिवस खाली उतरता येणार का, दूध-औषध कुठून, ते कुणी सांगत नाही. लिफ्टची मोटर कुठे आहे?

वारणाकाठ: मोटर गच्चीवर आहे. बोअरचा पंप मात्र खाली, तो २०१९ ला गेला होता. बदललाय, पण वर नाही घेतला. सोसायटीत त्यावरून अजून वाद चालू आहे.

पंचवीस वर्षं धंद्यात: हे पण खांबापाशीच सांगणार का?